उसनं गाव

‘गाव कुठलं?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय, तितक्या वेळा कुणी नावसुद्धा विचारलं नसेल. मीरा रोडमध्ये राहणारा प्रत्येक मराठी माणूस कुठून तरी आलेला आहे. गिरगावातून, लालबागमधून आणि त्याच्याही मागे कोकणातून नाहीतर घाटावरून. मी मात्र कुठूनच आलेलो नाही. आमचं घर भाईंदरच्या गावठाणात, आजोबा मिठागरावर, वडिलांचं तरुणपण खाडीकाठच्या खाजणातल्या भातशेतीत. ‘हेच माझं गाव’ असं सांगितलं की समोरचा समजूतदारपणे हसतो आणि पुन्हा विचारतो, ‘हो, पण मूळ गाव?’ वडिलांना एकदा असंच कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले, “मूल गाव कंचा म्हंजे? पायाखाली हाय तोच. दुसरा न्हाय.” विचारणाऱ्याने विषय बदलला. मला त्या वेळी वडिलांची लाज वाटली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या लाजेतूनच झाला.

बत्तिसाव्या वर्षी मी घरात जाहीर केलं की आता पोहे खायला कुठेही जाणार नाही. सात मुली पाहून झाल्या होत्या आणि सातही घरांत मी कप खाली ठेवण्याआधीच मला उत्तर कळलं होतं. आता स्वतः शोधायचं. मी हट्टी माणूस आहे. काशीमीऱ्याला हायवेवर माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. गाडी किंचित डावीकडे ओढते एवढ्या तक्रारीवरून मी दोन-दोन तास एका चाकामागे घालवतो. फोनवर डेटिंग अ‍ॅप घेतलं तेही त्याच चिकाटीने.

पहिले दोन महिने मी ‘हाय’ लिहीत होतो. ‘हाय’ला उत्तर येत नाही, आणि का यावं? एका मुलीला दिवसाला असे पन्नास ‘हाय’ येत असणार. मग मी ‘तुझं हसणं छान आहे’ वर आलो. त्याचंही तेच झालं. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. फोटो पाहून लिहिलेला मेसेज कुणालाही पाठवता येतो, म्हणून तो कुणालाच पोचत नाही. ज्या मेसेजमध्ये फक्त तिलाच ओळखू येईल अशी एखादी बारीकशी वस्तू असते, तिथे बोट थांबतं. त्यात थोडी खोडी हवी आणि शेवटी एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. शाळा किंवा गाव सारखं निघालं तर असा मेसेज आपोआप जमतो.

शाळेवर मी एकदा प्रयोग केलाही होता. एक मुलगी माझ्याच शाळेतली निघाली. मी लिहिलं, ‘मधल्या सुट्टीत नळापाशी दप्तरांची रांग लावणाऱ्यांपैकी तू, की रांग मोडणाऱ्यांपैकी?’ पाच मिनिटांत उत्तर आलं. मग पंधरा दिवस आम्ही पी.टी.चे सर, गळकं छप्पर, विज्ञान प्रदर्शन यांवर इतकं बोललो की शाळा संपली. शाळा संपली आणि बोलणंही संपलं. तेव्हा लक्षात आलं की जुन्या ओळखीने दार फार तर किलकिलं होतं. आत शिरल्यावर आजचं काहीतरी बोलावं लागतं, नाहीतर दोघंही दारातच उभे राहतात.

आणि मग ती दिसली.

फोटोत ती पोफळीच्या बागेत एका दगडी बांधावर बसली होती, केस वाऱ्याने तोंडावर आलेले, आणि तिला त्याची काही पडलेली नव्हती. फिजिओथेरपिस्ट, नया नगरात क्लिनिक, राहणं पूनम सागरला. खाली एकच ओळ होती : ‘लोकांचे गुडघे वाकवते, स्वतः वाकत नाही.’ आणि गाव म्हणून दापोलीपलीकडच्या एका खेड्याचं नाव.

ते खेडं मला ठाऊक होतं. माझ्या दुकानातले फिटरकाका तिथलेच. नालासोपाऱ्याहून रोज येतात, मी दुकान उघडलं तेव्हापासून माझ्याकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला ते मला आग्रहाने घेऊन गेले होते. मी तिथे तीन दिवस राहिलो, पालखीला खांदा दिला, ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून घसरलो आणि गुडघाभर पाण्यात पडलो. सगळी वाडी हसली होती.

तिला काय लिहायचं यावर मी गिऱ्हाईक नसलेली अख्खी दुपार घालवली. शेवटी लिहिलं, ‘साकवावरून ओढ्यात पडल्याशिवाय तुमच्या गावात कुणी मोठं होत नाही म्हणे. तू किती वेळा?’ वाचून पाहिलं. चांगलं होतं. पण ‘तुमच्या’ या शब्दाने मी बाहेरचा झालो होतो. पुढचा प्रश्न ‘तुझं गाव कुठलं?’ हाच येणार. मी ‘हेच’ म्हणणार आणि ती समजूतदारपणे हसणार. मी ‘तुमच्या’ खोडलं, ‘आपल्या’ लिहिलं, ‘म्हणे’ काढून टाकलं आणि पाठवलं.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. ‘तीन वेळा. एकदा नवीन फ्रॉकसकट. तू?’

‘एकदाच, पण सगळ्यांसमोर.’

‘तेच खरं पडणं!’

त्या दुपारी माझ्या हातून एका टेम्पोचं चाक दोनदा चुकलं. चार दिवस आम्ही बोललो आणि शाळेच्या वेळची चूक मी केली नाही. साकवावरून मी लगेच तिच्या क्लिनिकवर आलो, तिच्या पेशंटांवर, माझ्या ट्रकवाल्यांवर. तिने सांगितलं की लोक व्यायाम करत नाहीत आणि ‘केला’ म्हणून बिनदिक्कत सांगतात, पण पाय उचलायला लावला की तिला लगेच कळतं. मी सांगितलं की टायरही खोटं बोलत नाही, कुठून झिजलंय त्यावरून ड्रायव्हरचा स्वभाव कळतो. ती म्हणाली, ‘म्हणजे आपण दोघं एकच काम करतो.’ मला ती आवडली. नुसती दिसायला नाही. उत्तर द्यायच्या आधी ती नीट वाचायची, आणि पटलं नाही तर तसं सांगायची. मला हीच हवी होती, हे मी चौथ्या दिवशी स्वतःशी मान्य केलं.

पाचव्या दिवशी तिने सहज विचारलं, ‘अरे, विचारायचंच राहिलं. कुठली वाडी?’

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. कोकणातलं गाव म्हणजे नुसतं गाव नसतं. त्यात पाच-सात वाड्या असतात, आणि गावाच्या माणसाला गावाच्या माणसाने विचारायचा पहिला प्रश्न हाच. मला एकच वाडी माहीत होती, फिटरकाकांची. मी तिचं नाव ठोकून दिलं.

पलीकडे बराच वेळ ‘टाइप करतेय’ दिसत राहिलं. मग एकामागून एक मेसेज आले.

‘काय सांगतोस!’

‘अरे, ती आमचीच वाडी!’

‘म्हणजे तू भावकीतला. अख्ख्या वाडीत एकच आडनाव आहे, माहितीये ना?’

‘आणि मी चार दिवस भावाशी फ्लर्ट करत होते. शी!’

‘जन्मसाल सांग. दादा म्हणायचं की नुसतं नावाने हाक मारायची, ते ठरवू दे.’

मी फोन कंप्रेसरवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. आडनाव विचारायची तिला गरजच पडली नव्हती. वाडी सांगितली की आडनाव आलं, आडनाव आलं की कूळ आलं, आणि एका कुळातली मुलगी म्हणजे बहीण. त्यात वाद नाही. तिच्या जवळ जाण्यासाठी मी जे दार उघडलं, त्यातून थेट तिच्या भावाच्या जागेवर जाऊन बसलो होतो. स्वतःच्या पायावर इतका नेमका धोंडा मी कधी मारून घेतला नव्हता.

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ती मात्र खुशीत होती, आणि आता तो आनंद वेगळा होता. ‘बाबांना सांगितलं. त्यांना इतका आनंद झालाय! मीरा रोडला आल्यापासून वाडीतलं कुणी भेटलंच नाही त्यांना. रविवारी घरी ये.’

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरकाका दुकानात आले ते फोन पुढे धरूनच. त्यांच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्या वडिलांनी विचारलं होतं : ‘काशीमीऱ्याला आपल्या वाडीतला एक मुलगा चाकांचं दुकान चालवतो. कोणत्या घरातला? कळवावे.’ खाली नऊ जणांनी आपापले तर्क लढवले होते. कुणी कुठल्याशा बंडूचा नातू म्हटलं होतं, कुणी मला गुहागरला दत्तक गेलेल्या कुणाच्या तरी घराण्यात बसवलं होतं.

“शेठ,” काका म्हणाले, “काशीमीऱ्यात चाकांचं दुकान चालवणारा आमच्या वाडीचा माणूस मी एकटाच. आणि मी मालक नाही. हे काय आहे?”

मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. पण ते हसले नाहीत. “तिचे वडील माझ्या चुलत्यांपैकी. आमच्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाच्या सभेला पहिल्या रांगेत बसायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बायको गेली, तेव्हापासून सभेला येत नाहीत. मी ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही. पण रविवारनंतर गप्प बसणार नाही.”

“रविवारच्या आत मीच निस्तरतो,” मी म्हटलं.

निस्तरायचा मार्ग मला त्याच दुपारी सुचला, आणि तो इतका सरळ होता की मीच चकित झालो. वाडी माझी नाही, आईची, असं सांगायचं. ‘अगं, ती माझ्या मामाची वाडी. लहानपणी सुट्टीत तिथेच असायचो, म्हणून आपलं गाव म्हणतो.’ बस. मी भावकीतून बाहेर. उलट तिचा आतेभाऊ, म्हणजे जुन्या माणसांच्या हिशेबात सगळ्यात हक्काचं स्थळ. तिच्या वडिलांचा आनंद शाबूत राहणार, तिचं ‘शी!’ पुसलं जाणार. फिटरकाकांनी ग्रुपवर ‘आपल्या बहिणीचा मुलगा’ म्हणून सांगितलं की झालं.

मेसेज लिहूनही झाला. दोन ओळींचा, सहज वाटणारा, चोख. मी तो वाचला आणि माझा मलाच राग आला. या मुलीच्या हातात पेशंटचा पाय असतो आणि ती त्याला स्पष्ट सांगते की तू व्यायाम केलेला नाहीस. मी तिच्यासमोर मामा उभा करणार, मग मामाचं घर, मग आईचं माहेर. माझी आई वसईची. आयुष्यभर मी माझ्या आईला कोकणात नेऊन ठेवणार, आणि वडिलांना घरातून बाहेरच काढणार नाही, कारण त्यांनी तोंड उघडलं की भाईंदर ऐकू येतं. मला ती हवी होती. पण मी जो आहे त्या मला ती हवी होती. नसेल मिळत, तर नसो. मी मेसेज खोडला.

मग बसून खरं लिहिलं. ‘मी तुझ्या वाडीतला नाही, गावातलाही नाही. शिमग्याला तीन दिवस आलो होतो, माझ्या फिटरबरोबर. साकवावरून पडलो, तेवढं खरं. तू उत्तर द्यावंस म्हणून “आपल्या” लिहिलं. वाडी विचारलीस तेव्हा जी माहीत होती ती ठोकून दिली. माझं गाव भाईंदर. आम्ही इथलेच. हे सांगायची मला लाज वाटते, म्हणून तुझं गाव उसनं घेतलं. तुझ्याबद्दल जे बोललो त्यात खोटं काही नाही. वडिलांची माफी मागतो.’ हसणारं चित्र नाही, हात जोडलेलं नाही. पाठवलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काहीच नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी दर गिऱ्हाइकामागे फोन पाहत होतो. उत्तर आलं नाही तरी दुसरा मेसेज करायचा नाही, एवढं मात्र ठरवलं होतं. माफीच्या मागे माफी लावली की ती गळ घालणं होतं.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. ‘मला फसवलंस ते मी बघून घेईन. पण बाबांनी उद्यासाठी पालखीचे फोटो काढून ठेवलेत. दोन दिवस अल्बम पुसतायत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. अकराला ये आणि तू सांग.’

नाही जाण्याचा विचार मनात आला नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. पण तो रिक्षात बसेपर्यंतच टिकला.

पूनम सागरला त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. चार मजले चढताना माझ्या लक्षात आलं की तिचे वडील किती महिने खाली उतरले नसतील. दार तिनेच उघडलं. प्रत्यक्षात ती फोटोपेक्षा बुटकी होती आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. ‘ये’ म्हणाली नाही, फक्त बाजूला झाली.

वडील आतून काठी टेकत आले. पांढरा इस्त्रीचा सदरा घातला होता. “ये रे बाळा, ये! बस. कोणत्या घरातला तू? थांब, सांगू नकोस, मी ओळखतो.” त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. “कपाळ आमच्यासारखंच आहे.” टीपॉयवर अल्बम उघडा होता.

“काका,” मी म्हटलं, “मी कोणत्याच घरातला नाही.”

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. साकव, ‘आपल्या’, वाडीचं नाव, सगळं. तिच्यासाठी लिहिलं हेही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर उरलेल्याला अर्थ नव्हता. ती भिंतीला टेकून माझ्याकडे नाही, वडिलांकडे बघत होती.

त्यांनी अल्बम मिटला. “बसा,” ते म्हणाले.

मघाशी मी ‘बाळा’ होतो, आता ‘बसा’ झालो. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. मी बसलो.

“हे कशासाठी?” त्यांनी विचारलं. “मुलीशी बोलायला गाव कशाला लागतं?”

“मला नाहीये म्हणून,” मी म्हटलं. “म्हणजे आहे. पण ते सांगितलं की लोक पुन्हा विचारतात.”

“कुठलं?”

“हेच.”

“हेच म्हणजे? मूळ?”

आजपर्यंत या प्रश्नावर मी नेहमी विषय बदलला होता. या वेळी मुळीच बदलायचा नाही, असं मी त्या खुर्चीत बसून ठरवलं. “मूळही हेच, काका. भाईंदरचं गावठाण. माझे आजोबा मिठागरावर होते. आता तुमची बिल्डिंग आहे ना, या बाजूला सगळं खाजण होतं. माझ्या वडिलांनी इथे गुडघाभर चिखलात भात लावलाय. आमच्या घरात अजून ‘हाय, न्हाय’ बोलतात. मीही बोलतो. तुमच्यासमोर इतका वेळ जपून बोलतोय, एवढंच. आम्हाला सुट्टीत जायला दुसरं गाव न्हाय.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

वडील खिडकीकडे बघत होते. मग ते वळले, आणि त्यांचा आवाज आधीपेक्षा हळू होता.

“बावीस वर्षं आम्ही इथे राहतोय,” ते म्हणाले. “गिरगाव सोडून आलो तेव्हा वाटलं, चार वर्षांत रुळू. शेजारी गुजराती, वर उत्तरेकडचे, समोर केरळचे. सगळे चांगले, सगळे माझ्यासारखेच उपरे. मी वाडीचा माणूस शोधत बसलो. पण मी ज्यांच्या गावात राहतो, त्यांच्यापैकी एकाच्याही घरी या बावीस वर्षांत पाणी प्यायलो नाही. कुणी बोलावलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.”

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. लाज होतीच, पण तिच्याखाली काहीतरी घट्ट होतं. “मग उठा,” मी म्हटलं. “आत्ता. वडील घरी आहेत. आई भाकरी टाकत असेल. फोन करतो, ताजे बोंबील असतील तर बरं.”

“चार मजले आहेत,” ते म्हणाले. “लिफ्ट बंद.”

“माझ्या खांद्याला धरा. एकेक पायरी उतरू.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. डॉक्टरला विचारावं तसं.

ती खाली बसली, त्यांचा डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून एकदा वाकवला, एकदा सरळ केला. “उतरताना ऑपरेशनचा पाय आधी,” ती म्हणाली, “आणि घाई नाही.” हे ती त्यांना सांगत होती की मला, कळलं नाही. मग तिने कोपऱ्यातून त्यांच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या, दाराची किल्ली घेतली, आणि स्वतःच्याही घातल्या.